फुगलेल्या बॅटरीबद्दल दुकानदाराला पत्र कसे लिहावे?

*राखीपौर्णिमेला बेळगावातल्या एका दुकानात फोनची बॅटरी बदलून घेतली. १,४५० रुपये फोनवरून दिले. सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी सांगितली आणि दुकानाच्या कार्डामागं ‘बॅटरी चेंज १४५०’ एवढंच लिहून दिलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोनची पाठ उचललेली दिसली. चौथ्या तारखेला दुकानात गेले. त्यानं पाठ उघडून बघितली आणि म्हणाला, फास्ट चार्जर लावला असेल, नाहीतर पाणी गेलं असेल, फुगलेली बॅटरी गॅरंटीत येत नाही. ‘ठेवून जावा, कंपनीला पाठवून बघतो’ असंही म्हणाला. मी फोन तसाच परत आणला. पाठ उघडली तेव्हा काढलेला फोटो आणि माझ्याकडं असलेल्या जुन्या बॅटरीचा फोटो पाठवत आहे. चार्जर फोनबरोबर आलेलाच आहे. मी रागात पत्र लिहिलंय, त्यात ‘तुम्ही फसवणूक केली, डुप्लिकेट माल दिला’ असं म्हटलंय. ते तसंच पाठवू का? आणि मराठीत चालेल का?*

*— शिवणकाम करणारी एक वाचक, नंदगड, ता. खानापूर*

ताई, पत्राकडे वळण्यापूर्वी फोनकडे पाहू, कारण पत्र दोन दिवस उशिरा गेले तरी बिघडत नाही, पण फुगलेली बॅटरी शिवणयंत्राच्या खणात, चिंध्यांच्या शेजारी पडून राहणे बरे नाही. फोन बंद करा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. उचललेली पाठ दाबून बसवण्याचा मोह होतो; तो टाळा, कारण आतल्या पातळ थरांवर दाब पडला तर तेथेच शॉर्ट होऊन आग लागू शकते. स्टीलच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यावर फोन ठेवा, झाकण सैल ठेवा आणि डबा कापडापासून दूर, उन्हात येणार नाही अशा कट्ट्यावर किंवा पडवीत ठेवा. बॅटरी ‘उतरवण्यासाठी’ फोन मुद्दाम चालू ठेवण्याचीही गरज नाही.

फोन दुकानात न ठेवता परत आणला, हे तुम्ही फार चांगले केले. काही वर्षांपूर्वी माझ्याच घरातली एक फुगलेली बॅटरी मी ‘कंपनीला पाठवतो’ या शब्दावर, कसलीही पोच न घेता, एका दुकानात ठेवून आलो होतो. महिन्याभराने विचारायला गेलो तेव्हा समोरच्या माणसाने अगदी शांतपणे विचारले, ‘कुठली बॅटरी?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता तुमचे दोन फोटो. ते मी मोठे करून पाहिले आणि माझ्या मते तुमच्या तक्रारीतला सर्वांत मोलाचा भाग त्यांतच आहे. जुन्या बॅटरीच्या लेबलवर ३.८७ व्होल्ट आणि चार्जिंगची कमाल मर्यादा ४.४५ व्होल्ट असे छापलेले आहे. नव्या बॅटरीवर ३.८ व्होल्ट आणि मर्यादा ४.३५ व्होल्ट असे आहे. क्षमता मात्र दोन्हींवर ५००० एमएएच अशीच आहे, आणि बहुतेक गिऱ्हाइके तेवढाच आकडा पाहतात.

या फरकाचा अर्थ असा. बॅटरी कोठपर्यंत भरायची, हे फोनमधले चार्जिंगचे सर्किट ठरवते, आणि ते सर्किट फोन बनवताना मूळ बॅटरीच्या मर्यादेला, म्हणजे येथे ४.४५ व्होल्टला, जुळवलेले असते. त्या फोनमध्ये ४.३५ व्होल्टपर्यंतच भरण्यासाठी बनवलेली बॅटरी बसवली, तर पूर्ण चार्ज करताना प्रत्येक वेळी तिला तिच्या कुवतीपेक्षा एक दशांश व्होल्ट जास्त भरले जाण्याचा धोका राहतो. हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु लिथियम बॅटरीत तो क्षुल्लक नसतो: जास्त व्होल्टेजला आतल्या द्रावणाचे विघटन होते, त्यातून वायू तयार होतो आणि ॲल्युमिनियमचे पातळ पाकीट चारी बाजूंनी बंद असल्यामुळे तो आतच साठून पाकीट उशीसारखे फुगते. बॅटरीच्या टोकाला असलेल्या छोट्या संरक्षक पट्टीने अशा वेळी चार्जिंग तोडायला हवे. हलक्या मालात ती पट्टीच भरवशाची नसते.

तरीही ‘याच कारणाने बॅटरी फुगली’ असे पत्रात लिहू नका. बॅटरी बनवताना आत ओलावा राहिला तरी ती फुगते, बसवताना वाकली किंवा तिच्याखाली एखादा स्क्रू राहिला तरीही फुगते, आणि हलक्या बॅटरीवरचे छापील आकडे खरे असतीलच असेही नाही. कारण सांगण्याची जबाबदारी तुम्ही अंगावर घेतलीत की दुकानदाराला त्या कारणावर वाद घालता येतो आणि मूळ मुद्दा, म्हणजे त्याने विकून बसवलेली वस्तू ५५ दिवसांत निकामी झाली हा मुद्दा, बाजूला पडतो. दोन्ही लेबलांवरचे आकडे शेजारी शेजारी मांडा आणि त्याबाबत त्यालाच खुलासा विचारा.

‘फसवणूक’ आणि ‘डुप्लिकेट’ हे शब्दही याच कारणासाठी काढून टाका. फसवणूक म्हटले की त्याला ठाऊक असून त्याने तसे केले, हे तुम्हाला दाखवावे लागते. कदाचित त्या बिचाऱ्यालाही घाऊक व्यापाऱ्याने हाच माल चांगला म्हणून दिला असेल. डुप्लिकेट शब्दाऐवजी जे डोळ्यांना दिसते ते लिहा. लिथियम बॅटरीला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे आणि लेबलवर मानकचिन्हाजवळ ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तुमच्या जुन्या बॅटरीवर तो स्पष्ट दिसतो, नव्या बॅटरीच्या फोटोत तो कोठेच नाही. क्रमांक असता तर तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून कोणाच्या नावावर आहे हे पाहता आले असते. ‘लेबलच्या दिसणाऱ्या भागावर नोंदणी क्रमांक आढळत नाही’ हे एक वाक्य ‘डुप्लिकेट माल’ या शब्दांपेक्षा दुकानदाराला जास्त विचार करायला लावील.

दुकानदाराच्या तीन सबबींपैकी चार्जरची सबब सर्वांत कच्ची आहे. किती करंट घ्यायचा हे चार्जर ठरवत नाही, फोन ठरवतो, आणि तुमचा चार्जर तर फोनच्याच पेटीतला आहे. ज्या चार्जरवर जुनी बॅटरी कधी फुगली नाही, त्याच्यावर नवीने फुगण्याचा ठपका ठेवता येत नाही. पाण्याची सबब मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. बहुतेक फोनांत सिमकार्डाच्या खाचेत किंवा आत एक बारीक पांढरी पट्टी असते, जी पाणी लागल्यास लाल किंवा गुलाबी होते. सिमचा ट्रे काढून टॉर्चच्या उजेडात पाहा; पट्टी दिसली आणि पांढरी असली तर फोटो काढून ठेवा. ती लाल असली, तर पत्र लिहिण्यापूर्वी मला कळवा, कारण मग पत्राचा सूर बदलावा लागेल. राहिली ‘फुगलेली बॅटरी गॅरंटीत येत नाही’ ही सबब. अशी अट असेल तर ती विकतानाच सांगायला हवी होती. शिवाय दोन महिन्यांत फुगणे हा बॅटरीतला दोष नसेल तर दुसरा कोणता असणार?

बॅटरी फोनमधून काढायची आहेच, पण ती त्याच दुकानात काढू नका. तुमच्या फोनच्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात जा, जाताना फोन कडक डब्यात ठेवून डबा एसटीत मांडीवर घ्या, आणि तेथे जॉबशीटवर ‘बॅटरी फुगलेली आढळली, पाणी गेल्याचे चिन्ह नाही’ एवढी नोंद मागा. मूळ कंपनीची बॅटरी नाही म्हणून त्यांनी काम नाकारले, तर ते नाकारणेही लेखी घ्या. ‘दुसऱ्याने उघडलेला फोन मी मानत नाही’ असे दुकानदार नंतर म्हणू शकतो. परंतु ४ ऑक्टोबरला त्याने स्वतः पाठ उघडली आणि तुम्ही त्याच वेळी फोटो काढला, त्यामुळे त्याची पाहणी झालेली आहे. पत्रात ते वाक्य मी मुद्दाम घातले आहे. काढलेली बॅटरी पुन्हा वाळूच्या डब्यात जाईल. ती पोस्टाने किंवा कुरिअरने कोणालाही पाठवू नका.

पत्रासाठी आणखी दोन गोष्टी जवळ घ्या. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट काढा. पक्के बिल नसताना व्यवहाराचा तोच पुरावा आहे, कारण त्यावर तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि पैसे मिळालेल्याचे नाव असते. हे नाव आणि दुकानाचे नाव वेगवेगळे असेल, तर पत्रात दोन्ही लिहा. दुसरे, फोनवर `*#06#` डायल केले की येणारा आयएमईआय क्रमांक पत्रात घालायचा आहे, म्हणजे ‘हा फोन आमच्याकडे आलाच नव्हता’ या वादाला जागा राहणार नाही. आता फोन बंद ठेवायचा असल्यामुळे तो क्रमांक खरेदीच्या पेटीवरून घ्या. आणि राखीपौर्णिमा, दसरा हे आपल्याला कळते, पण पत्रात ९ ऑगस्ट आणि ३ ऑक्टोबर असेच लिहा.

पत्र मी असे लिहिले असते. मोकळ्या जागा तुम्ही भरा.

> दिनांक : …
>
> प्रति,
> मालक, … मोबाइल दुरुस्ती दुकान, बेळगाव
>
> विषय : दि. ९ ऑगस्ट २०२५ रोजी बसवलेली मोबाइलची बॅटरी ५५ दिवसांत फुगल्याबाबत.
>
> महोदय,
>
> मी दि. ९ ऑगस्ट २०२५ रोजी माझ्या … या मोबाइलची (आयएमईआय क्र. …) बॅटरी आपल्या दुकानात बदलून घेतली व त्यापोटी १,४५० रुपये यूपीआयद्वारे … या नावे दिले (व्यवहार क्र. …). आपण बॅटरीची सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी सांगितली आणि दुकानाच्या कार्डामागे ‘बॅटरी चेंज १४५०’ असे लिहून दिले. पक्के बिल मला मिळालेले नाही.
>
> दि. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी मोबाइलची मागची बाजू उचललेली दिसली. दि. ४ ऑक्टोबर रोजी मी मोबाइल आपल्याकडे आणला असता आपण स्वतः मागची बाजू उघडून बॅटरी फुगलेली असल्याचे पाहिले. त्या वेळी काढलेले छायाचित्र सोबत जोडले आहे. या काळात मी मोबाइलसोबत मिळालेला मूळ चार्जरच वापरला असून मोबाइल पाण्यात पडलेला किंवा भिजलेला नाही. … सेवा केंद्राच्या दि. … च्या जॉबशीटची प्रत सोबत आहे.
>
> मूळ बॅटरीच्या लेबलवर चार्जिंगची मर्यादा ४.४५ व्होल्ट, तर आपण बसवलेल्या बॅटरीच्या लेबलवर ४.३५ व्होल्ट अशी छापलेली आहे. तसेच आपण बसवलेल्या बॅटरीच्या लेबलच्या दिसणाऱ्या भागावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आढळत नाही. ही बॅटरी या मोबाइलसाठी योग्य कशी ठरते, याचा लेखी खुलासा करावा.
>
> आपण विकून बसवलेली वस्तू सदोष निघाली असल्यामुळे मला बदली बॅटरी नको असून पुढील रक्कम हवी आहे : बॅटरीची व बसवण्याची रक्कम १,४५० रुपये आणि सेवा केंद्रात बॅटरी काढून घेण्याचा खर्च … रुपये (पावती सोबत). ही रक्कम हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत वरील यूपीआय खात्यातूनच माझ्या खात्यावर परत करावी. रक्कम मिळाल्यावर सदर बॅटरी मी लेखी पोच घेऊन आपल्या ताब्यात देईन. तोपर्यंत ती पुरावा म्हणून माझ्याकडे सुरक्षित ठेवली आहे.
>
> मुदतीत रक्कम न मिळाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.
>
> आपली,
> (सही, नाव, पत्ता)

बदली बॅटरी न मागण्याचे कारण एवढेच, की दुकानात त्याच खोक्यातल्या आणखी बॅटऱ्या असण्याची शक्यता जास्त आहे आणि दुसरी बॅटरीही डिसेंबरात फुगली तर तुम्ही पुन्हा येथेच असाल. त्याने पैशांऐवजी बदली बॅटरीचाच आग्रह धरला, तर मूळ मर्यादेची, नोंदणी क्रमांक असलेली आणि वॉरंटी लिहिलेल्या पक्क्या बिलासह असेल तरच घ्या. ‘मानसिक त्रासापोटी १०,००० रुपये’ असे या पत्रात घालू नका. ती मागणी आयोगापुढे करता येते; पहिल्याच पत्रात ती आली की दुकानदार १,४५० रुपये देण्याचा विचारही सोडून देतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

मराठीचे म्हणाल, तर दुकानदाराला समजेल त्या भाषेत पत्र लिहावे. कायद्याने त्यासाठी कोणतीही एक भाषा ठरवून दिलेली नाही. दुकानाच्या पाटीवरून मालकाची भाषा आपल्याकडे ओळखता येत नाही, पण तो तुमच्याशी मराठीत बोलला असेल तर पत्र मराठीत निश्चिंत पाठवा. प्रकरण आयोगापुढे गेलेच तर त्याचे कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागेल, म्हणून ते आताच करून घेतले तर नंतर घाई होत नाही. पूर्वीचे ‘रजिस्टर एडी’ आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे खानापूरच्या पोस्टात स्पीड पोस्ट करताना पोचपावती हवी असल्याचे सांगा आणि पावती जपून ठेवा. शिवाय पत्राचा व जोडपत्रांचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावरही पाठवा.

१५ दिवसांत उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवता येते. तेथून दुकानदाराला विचारणा होऊ शकते; आदेश देण्याचा अधिकार मात्र हेल्पलाइनला नाही, तो आयोगाला आहे. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. बॅटरीतला दोष प्रयोगशाळेत तपासायचा ठरल्यास आयोग त्याचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगू शकतो, आणि तो १,४५० रुपयांपेक्षा जास्तही असू शकतो. म्हणूनच सेवा केंद्राच्या जॉबशीटवर मी एवढा भर दिला आहे.

दुकानदाराने कोणाला विचारले तर त्याला एक गोष्ट नक्की सांगितली जाईल : ‘बिलावर मुदत नसेल तर सदोष माल ३० दिवसांतच परत घ्यायचा असतो, यांना ५५ दिवस झाले.’ कायद्यात ३० दिवसांचा उल्लेख खरोखरच आहे, पण तो अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत आहे; म्हणजे त्या मुदतीत सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही स्वतंत्र चूक ठरते. सदोष वस्तूबद्दल तक्रार करण्याची मुदत त्यामुळे ३० दिवसांवर येत नाही. ती तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. उलट त्याच व्याख्येत, गिऱ्हाइकाला बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे, तेव्हा या कलमाचा आधार घ्यायला तो निघाला तर त्याने जपून निघावे. ‘फोन धंद्यासाठी वापरता, मग तुम्ही ग्राहक कसल्या?’ असाही प्रश्न कोणी काढील. पोटापाण्यासाठी स्वतः करत असलेल्या कामाला कायदा त्या अर्थाने व्यापारी हेतू मानत नाही, एवढे उत्तर पुरे.

तुमचे गाव आणि दुकान एकाच जिल्ह्यात आहे, त्यामुळे आयोग बेळगावचाच. हा मजकूर वाचणाऱ्या चंदगड किंवा गडहिंग्लजच्या वाचकांनी मात्र हे लक्षात ठेवावे, की २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. बेळगावात फोन दुरुस्त केला म्हणून त्यांना बेळगावच्याच खेपा घालाव्या लागत नाहीत.

दुकानदार पैसे द्यायला तयार झाला, तर आधी पैसे खात्यावर जमा होऊ द्या, मग बॅटरी द्या, आणि पोचेवर बॅटरीच्या लेबलवरचे आकडे लिहून त्याची सही घ्या. काही दुकानांत फुगलेल्या बॅटरीला सुईने टोचून ‘हवा काढून’ ती पुन्हा सपाट करतात. टोचल्याबरोबर ती पेट घेऊ शकते, आणि पेटली नाही तरी ती पुन्हा कोणाच्या तरी फोनमध्ये बसते. तुमच्या देखत कोणी सुई उचलली, तर डबा घेऊन सरळ बाहेर या.